दोन कंपन्यांचा खेळ कसा सोडवायचा?

दोन कंपन्यांचं गणित परीक्षेत आलं की बरीच मुलं लगेच समीकरणं मांडायला घेतात. तू तसं करू नकोस. आधी एकाच मालकाच्या खुर्चीत बस आणि एवढंच विचार: समोरच्याने अमुक केलं, तर माझ्यासाठी सर्वांत फायद्याचं काय? या उत्तराला म्हणायचं सर्वोत्तम प्रतिसाद. पुढचं सगळं त्यावरच उभं राहतं, म्हणून तिथे घाई नको.

फ्रेंच गणिती कूर्नो याने १८३८ साली घेतलेलंच उदाहरण घेऊ. खनिज पाण्याचे दोन झरे, दोन मालक, पाणी काढायचा खर्च शून्य. आकडे मात्र माझे. दोघांनी मिळून जितकी पिंपं बाजारात आणली, तितकी १२० मधून वजा करायची, की एका पिंपाची किंमत निघते. मालकांना अ आणि ब म्हणू.

समज, ब ने ४० पिंपं आणली. आता अ ने जितकी आणली, तितकी ८० मधून वजा केली की किंमत येते. म्हणजे अ ची पिंपं आणि किंमत यांची बेरीज ८० ठरलेली आहे आणि त्यांचा गुणाकार हा त्याचा नफा. बेरीज ठरलेली असताना दोन्ही संख्या समान केल्या की गुणाकार सर्वांत मोठा होतो, हे तू शाळेतच शिकलीस. म्हणून अ ने ४० पिंपं आणावीत. ब ने २० आणली असती, तर बेरीज १०० झाली असती आणि उत्तर ५० आलं असतं. थोडक्यात, १२० मधून समोरच्याची पिंपं वजा करायची आणि उरलेल्याचं निम्मं घ्यायचं. हा एक आकडा नाही, नियम आहे. समोरच्याच्या प्रत्येक आकड्याला तो एक उत्तर देतो.

ब चाही नियम तोच. समतोल म्हणजे अशी जोडी, जिच्यात दोघांचेही आकडे एकमेकांना दिलेले सर्वोत्तम प्रतिसाद असतात. दोन्ही नियम एकत्र सोडवले की दोघांचीही ४० पिंपं येतात, किंमत ४० आणि प्रत्येकाचा नफा १६००.

इथे थांबू नकोस, पडताळा घे. ब ला ४० वर स्थिर ठेव आणि अ ला हलवून बघ. ४१ पिंपांवर किंमत ३९, नफा १५९९. ३९ पिंपांवर किंमत ४१, नफा पुन्हा १५९९. या नफ्याला एकच शिखर असल्याने शेजारचे आकडे तपासले तरी पुरतं. दोघे सारखेच असल्याने ब चा पडताळाही यातच झाला.

सर्वांत जास्त गुण जातात ते एका आडवाटेमुळे. दोन्ही झरे सारखे आहेत हे पाहून मुलं सुरुवातीलाच दोघांचे आकडे समान धरतात आणि मग नफा जास्तीत जास्त करतात. उत्तर येतं प्रत्येकी ३०. किंमत ६०, प्रत्येकाला १८००, समतोलापेक्षा जास्तच. पण हे संगनमताचं उत्तर झालं. पडताळ्यात ते लगेच पकडलं जातं: ब ३० वर असताना अ चा सर्वोत्तम प्रतिसाद ४५, किंमतही ४५, नफा २०२५. अ ला हलण्यात फायदा आहे, तेव्हा हा समतोल नव्हे. म्हणून समानता वापरायचीच, तर नियम काढून झाल्यावर.

आता ब ला प्रत्येक पिंपामागे ७० खर्च येतो असं धर. त्याचा नियम होतो: ५० मधून अ ची पिंपं वजा करून निम्मं. समीकरणं सोडवलीस, तर ब चं उत्पादन उणे येतं. घाबरू नकोस, गणित चुकलेलं नाही. उणे पिंपं नसतात, म्हणून ब ला शून्यावर ठेव आणि अ ला नव्याने उत्तर देऊ दे. अ ६० आणतो, किंमत ६० होते. ७० खर्चून ६० ला विकायला ब बाजारात येणार नाही. समतोल सापडला.

किमतीवरचा खेळ, जो बर्ट्रांडने १८८३ साली कूर्नोवर टीका करताना पुढे आणला, तो इतक्या सहज वळत नाही. पाणी सारखंच, खर्च पुन्हा दोघांचाही शून्य, आणि सगळं गिऱ्हाईक स्वस्त विकणाऱ्याकडे जातं. ब ने ४० किंमत लावली, तर अ ने ३९ लावावी, पण ३९.९ त्याहून चांगली, ३९.९९ त्याहूनही. सर्वोत्तम असा आकडाच हाती लागत नाही, मग नियम कुठून काढणार? तिथे सरळ पडताळ्यावर ये. दोघांचीही किंमत शून्य असेल, तर वाढवणाऱ्याचं गिऱ्हाईक जातं आणि कमी करणाऱ्याला तोटा होतो, म्हणून कोणीच हलत नाही. दुसरी कुठलीही जोडी घेतलीस, तर एकाला तरी किंमत बदलून नफा वाढवता येतो. कोणाला आणि कसा, ते प्रत्येक जोडीपुढे एका ओळीत लिही. परीक्षक उत्तरात तेच शोधतात.