नोकरीची ऑनलाइन मुलाखत (लेखांक ४) : संपर्क तुटला तर

गेल्या आठवड्यात मुलाखतीच्या निमंत्रणाला द्यावयाच्या उत्तराचा विचार झाला. आज ज्या खोलीत बसून ती मुलाखत द्यावयाची, त्या खोलीच्या बंदोबस्ताकडे वळू. उदाहरणादाखल सांगली जिल्ह्यातील तालुक्याच्या गावी राहणारी एक संगणकशास्त्राची पदवीधर मुलगी घेऊ. पुण्याच्या कंपनीने तिला मंगळवारी दुपारी चार वाजता झूमवर बोलावले आहे. बसायला माडीवरची पश्चिमेच्या खिडकीची खोली आहे, आणि ब्रॉडबँडचा राउटर खाली दिवाणखान्यात आहे.

प्रकाशाचा प्रश्न लवकर सुटतो. उतरत्या उन्हाची ती खिडकी पाठीशी राहिली, तर कॅमेरा समोरचा सगळा उजेड मोजून चित्र मंद करतो आणि उमेदवाराचा चेहरा काळवंडतो. म्हणून टेबल फिरवून खिडकी समोर घ्यावी आणि ऊन थेट डोळ्यांवर येत असेल तर पातळ पांढरा पडदा ओढावा. असे केले की पाठीशी आपोआप भिंत येते, आणि तिच्यावरचे कपडे व कॅलेंडर उतरवले की पार्श्वभूमीचे काम झाले. झूममधली कृत्रिम पार्श्वभूमी जुन्या लॅपटॉपवर टाळावी, असे आमचे स्पष्ट मत आहे, कारण तिने प्रोसेसरवर भार पडतो, केसांच्या कडा तुटक दिसतात आणि पंख्याची घरघर माइकमध्ये शिरते. लॅपटॉपखाली चार जाड पुस्तके ठेवून कॅमेरा डोळ्यांच्या पातळीला आणावा.

इंटरनेटचा विचार मात्र सावकाश केला पाहिजे. आपला चेहरा व आवाज पलीकडे पोहोचवणारा वेग अपलोडचा असतो, डाउनलोडचा नव्हे. आणि सुमारे दीड एमबीपीएसचा स्थिर अपलोड दोघांच्या संभाषणाला पुरत असल्यामुळे, बहुतेक घरांत वाण असते ती वेगाची नसून स्थैर्याची. ते अजमावण्यासाठी सोमवारी दुपारी चारच्याच सुमारास, माडीवरच्या त्याच खुर्चीत बसून, विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ही आज्ञा द्यावी:

```
ping -n 50 8.8.8.8
```

शेवटी `Lost = 0` आले आणि `time` चे आकडे एकमेकांच्या जवळपास राहिले, तर निश्चिंत असावे. आकडे मध्येच तीसवरून चारशेवर उसळत असतील, तर आवाज तुटणार हे जाणावे. राउटर व खुर्ची यांच्यामध्ये स्लॅब आहे आणि ५ गिगाहर्ट्झचे वाय-फाय स्लॅबमधून क्षीण होते, म्हणून आधी २.४ गिगाहर्ट्झवर तीच चाचणी घ्यावी, आणि तरीही गुण आला नाही तर लॅन केबल ओढावी किंवा सरळ खाली येऊन बसावे. मुलाखतीपुरते विंडोजचे अपडेट व फोटोंचा बॅकअप थांबवावा, कारण बॅकअप नेमका अपलोडच खातो.

आता पर्यायी तजवीज. वीज गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, पण राउटर त्याच क्षणी बंद पडतो, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. राउटरला पुरणारा १२ व्होल्टचा लहान यूपीएस यासाठीच घ्यावा. तो नसेल तर मोबाइलचा हॉटस्पॉट, तोही शक्यतो ब्रॉडबँडहून निराळ्या कंपनीचा असावा, आणि आदल्या दिवशी लॅपटॉप त्याला एकदा जोडून पासवर्ड साठवून ठेवावा. फोनमध्ये दोन सिम असतील तर दुसरे त्या तासापुरते बंद करावे. त्यावर कॉल आला तर पुष्कळ फोनांत पहिल्या सिमचा डेटा थांबतो.

समजा, चार वाजून वीस मिनिटांनी वीज गेली आणि चित्र गोठले. झूमची खिडकी बंद करण्याची घाई करू नये, कारण झूम काही क्षण स्वतःच पुन्हा जोडणी करू पाहते. पंधरा-वीस सेकंदांत जमले नाही तर हॉटस्पॉट लावून त्याच लिंकने परत यावे. येथे एक अडचण संभवते. परतलेल्या उमेदवाराला वेटिंग रूममध्ये थांबवले जाते आणि बोलण्यात गुंतलेल्या परीक्षकाच्या ते लक्षातही येत नाही. म्हणून निमंत्रण स्वीकारतानाच मागून घेतलेल्या एचआरच्या क्रमांकावर, “वीज गेली होती, वेटिंग रूममध्ये आहे,” एवढा संदेश धाडावा. आत आल्यावर लांबलचक दिलगिरीपेक्षा, “क्षमा करा सर, इंडेक्सचा प्रश्न अर्धा राहिला होता, तेथूनच सांगू का?” असे विचारणे श्रेयस्कर होय, कारण त्याने खंडित झालेला धागा परीक्षकाच्याही हाती परत येतो. आवाज पुन्हा तुटू लागला तर अनुमती घेऊन कॅमेरा बंद करावा; नुसत्या आवाजाला फारच थोडा वेग लागतो.

हॉटस्पॉटही चालला नाही, आणि पंचक्रोशीची वीज गेल्यावर सर्वांचा भार एकाच टॉवरवर आल्याने तसे होऊ शकते, तर दोन मिनिटांपलीकडे खटपट न करता साधा फोन लावून उरलेली मुलाखत फोनवर घ्याल का, की दुसरी वेळ द्याल, हे विचारावे. तो क्रमांक फोनमध्ये तर असावाच, शिवाय कागदावर लिहून टेबलावर ठेवावा, म्हणजे फोनची बॅटरी उतरली तरी घरातल्या दुसऱ्या कोणाच्या फोनवरून तो लावता येईल.