भाडे बारा हजार, कर सहाशे

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीचे उदाहरण घेऊ. पंपाची कास्टिंग पुण्याला पाठवायची आहेत. कोल्हापुरातल्याच एका ट्रान्सपोर्टवाल्याने माल उचलला, 5 ऑगस्टला बिल्टी दिली, भाडे ठरले बारा हजार. त्याच्याकडे जीएसटी क्रमांक नाही, म्हणून बिलावर कराची ओळही नाही. अनेक छोट्या कारखान्यांत हिशेब इथेच संपतो आणि घोळ इथेच सुरू होतो.

रस्त्याने मालवाहतूक करणारा आणि बिल्टी देणारा जीएसटीच्या भाषेत ‘गुड्स ट्रान्सपोर्ट एजन्सी’ ठरतो. त्याने स्वतः कर भरायचे स्वीकारले नसेल, तर भाडे देणारा नोंदणीकृत व्यापारी किंवा कारखाना 5 टक्के कर सरकारजमा करतो. हाच रिव्हर्स चार्ज. जबाबदारी भाडे देणाऱ्यावर येते, त्यामुळे भाडे कोण देणार हे आधी पाहायचे. बिल्टीवर ‘टू पे’ असेल आणि पुण्याचा ग्राहक भाडे चुकवणार असेल, तर कराचा प्रश्न त्याचा.

बिल्टी हा इथला कळीचा कागद. कोपऱ्यावरचा टेम्पोवाला बिल्टी न देता माल पोहोचवतो, तेव्हा तो एजन्सी ठरत नाही आणि त्याच्या भाड्यावर करच लागत नाही. मात्र कागदाच्या नावावर जाऊ नये. माल ताब्यात घेऊन तो पोहोचवण्याची जबाबदारी पत्करणारी पावती, तिला काहीही म्हटले तरी, बिल्टीच असते. दूध, मीठ, धान्य, डाळी, शेतमाल यांच्या वाहतुकीला बिल्टी असूनही माफी आहे. पूर्वी एका खेपेचे भाडे दीड हजारापर्यंत असेल तर सूट मिळायची; ती 18 जुलै 2022 पासून गेली. जुन्या सवयीने छोटी भाडी वगळणाऱ्यांची थकबाकी त्यातूनच साचते.

आता वह्या उघडू. फाउंड्रीने 9 ऑगस्टला भाडे चुकते केले. पहिली नोंद साधी: वाहतूक खर्च नावे 12,000, ट्रान्सपोर्टवाला जमा 12,000. त्याला पूर्ण बारा हजार मिळतात. कर त्यातून कापायचा नाही. दुसरी नोंद कराची. बारा हजारांचे 5 टक्के म्हणजे 600. दोघेही महाराष्ट्रातले, म्हणून सीजीएसटी 300 आणि एसजीएसटी 300. इनपुट क्रेडिटची दोन खाती नावे आणि ‘रिव्हर्स चार्ज देय’ची दोन खाती जमा. ट्रान्सपोर्टवाला बेळगावचा असता, तर सगळे 600 आयजीएसटीत गेले असते. भरणा झाला की तिसरी नोंद: देय खाती नावे, बँक जमा.

हे 600 रुपये रोखीनेच भरावे लागतात, म्हणजे पोर्टलवरच्या कॅश लेजरमधून. क्रेडिट लेजरमध्ये लाखभर रुपये पडून असले तरी त्यातला एक रुपयाही इथे चालत नाही. भरलेल्या कराचे क्रेडिट मात्र त्याच महिन्याच्या विवरणपत्रात घेता येते. त्यामुळे करपात्र माल विकणाऱ्या फाउंड्रीला हा कर खर्चात धरावा लागत नाही. कंपोझिशनमधल्या दुकानदाराचे तसे नाही. त्याला क्रेडिट नाही, म्हणून त्याच्या वहीत ते 600 वाहतूक खर्चातच चढतात.

आता कागदपत्रे. ट्रान्सपोर्टवाला बिनानोंदणीचा, म्हणून कराचे बीजक फाउंड्रीने स्वतःच स्वतःवर काढायचे आणि पैसे देताना पेमेंट व्हाउचर बनवायचे. 1 नोव्हेंबर 2024 पासून हे बीजक सेवा मिळाल्यापासून 30 दिवसांत काढणे बंधनकारक आहे. कराची तारीखही आता यावर ठरते: पैसे दिल्याची तारीख आणि स्वतःच्या बीजकाची तारीख, यांतली जी आधीची ती. आपल्या उदाहरणात दोन्ही 9 ऑगस्टच्या, म्हणून कर ऑगस्टच्या GSTR-3B मध्ये, 20 सप्टेंबरपर्यंत. देय रक्कम तक्ता 3.1(d) मध्ये आणि क्रेडिट 4(A)(3) मध्ये.

बिनानोंदणीच्या पुरवठादाराचे बिल GSTR-2B मध्ये उमटत नाही, त्यामुळे पोर्टल आठवण करून देत नाही. हे आकडे हातानेच भरावे लागतात, आणि विसरले तर उशिराच्या प्रत्येक दिवसाला वार्षिक 18 टक्के दराने व्याज चढते. तपासणीची सोपी रीत म्हणजे महिनाअखेरीस वाहतूक खर्चाची खतावणी काढून, बिनाबिल्टीची, माफ मालाची आणि ट्रान्सपोर्टवाल्याने स्वतः कर लावलेली भाडी बाजूला करायची. उरलेल्या रकमेचे 5 टक्के 3.1(d) मधल्या वाहतुकीच्या कराशी जुळले पाहिजेत. जुळले नाहीत, तर कुठल्या तरी बिल्टीचे बीजक काढायचे राहिले आहे.