गुळगुळीत दाढी केली की मानेवर फोड का येतात? कुरळ्या केसांचं गणित समजून घ्या

सोमवारी सलूनमध्ये मस्त क्लीन शेव्ह केली. हात फिरवला तर एकही खुंट लागत नाही. बुधवारी जबड्याखाली, मानेवर बारीक बारीक फोड. खाज, जळजळ. मग वाटतं ब्लेड खराब होतं, साबण खराब होता, पाणी लागलं, उष्णता वाढली.

खरं कारण बहुतेक वेळा वेगळंच असतं. दाढी जास्तच गुळगुळीत झालेली असते, आणि तुमचे केस कुरळे असतात.

याला बोलीभाषेत रेझर बम्प्स म्हणतात. डॉक्टरांच्या कागदावर 'स्युडोफॉलिक्युलायटिस बार्बी' असं लांबलचक नाव दिसेल. हे जंतूंमुळे होत नाही. तुमचाच केस तुमच्याच कातडीत काट्यासारखा रुततो आणि शरीर त्याच्याशी भांडायला लागतं.

केस आत कसा शिरतो?

सरळ केस कातडीतून सरळ वर येतो. कुरळ्या केसाचं मूळच कातडीखाली वाकडं असतं, त्यामुळे केस बाहेर येतानाच वळण घेतो. ब्लेडने तो तिरका कापला की टोक सुईसारखं होतं. दाढीचा केस दिवसाला साधारण 0.4 मिलिमीटर वाढतो. म्हणजे दोन-तीन दिवसांत तो मिलिमीटरभर होतो, वळतो आणि शेजारच्याच कातडीत टोक खुपसतो. सोमवारच्या दाढीचे फोड बुधवार-गुरुवारी दिसतात ते यामुळे.

दुसराही एक मार्ग आहे. कातडी ताणून, उलट्या दिशेने ब्लेड फिरवलं की केस कातडीच्या पातळीच्याही खाली कापला जातो. कातडी सोडली की ते टोक आत जातं. वाढताना त्याला बाहेरची वाट सापडत नाही, तो आतूनच भिंत फोडतो. यात केस बाहेर दिसतही नाही, फक्त फोड दिसतो.

जबड्याखाली आणि मानेवर त्रास जास्त, कारण तिथे केस एका दिशेने वाढत नाहीत. काही खाली, काही आडवे, काही वर. त्यामुळे ब्लेड कुठे ना कुठे उलटंच फिरतं.

जगात याचा सर्वाधिक त्रास आफ्रिकी वंशाच्या पुरुषांना होतो. अमेरिकेत नेब्रास्का राज्यात पिझ्झा पोहोचवणाऱ्या लँगस्टन ब्रॅडली यांना दाढी न केल्याबद्दल कामावरून काढलं होतं. त्यांना हाच त्रास होता. प्रकरण अपील कोर्टापर्यंत गेलं आणि 1993 मध्ये कोर्टाने सांगितलं की, ज्यांना हा आजार आहे त्यांच्यासाठी दाढीबंदीच्या नियमात अपवाद हवा. आपल्याकडे बहुतेकांचे केस सरळ किंवा किंचित लहरी असतात, पण ज्यांची दाढी दाट आणि कुरळी आहे त्यांना हा त्रास होतोच.

हे रेझर बम्प्सच आहेत, हे कसं ओळखायचं?

आरशासमोर, चांगल्या उजेडात चार गोष्टी बघा.

- फोड फक्त दाढी करता त्याच जागी आहेत, आणि दाढी थांबवली की कमी होतात. हे रेझर बम्प्सचं लक्षण. फोडात अनेकदा केसाची काळी रेघ किंवा कमान दिसते.
- कपाळावर, पाठीवरही फोड आहेत, सोबत काळे ठिपके आहेत. मग मुरुमांची शक्यता जास्त.
- प्रत्येक केसाच्या मुळाशी पिवळा पू आहे आणि दुखतंय. मग जंतुसंसर्ग असू शकतो.
- गोल चट्टा आहे, कडेने पसरतोय, कोंडा सुटतोय. हे गजकर्ण असू शकतं.

शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे. कारण फोड दिसले की मेडिकलवरून खाजेचं मलम आणायची आपल्याकडे सवय आहे. यातल्या अनेक मलमांत कडक स्टेरॉइड असतं. लाली दोन दिवसांत जाते, म्हणून औषध लागू पडलं असं वाटतं. पण गजकर्ण असेल तर ते आतल्या आत पसरतं, आणि महिनोन्महिने लावल्यास चेहऱ्याची कातडी पातळ होते. 2018 मध्ये सरकारने अशी अनेक स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत अशा यादीत टाकली, ती याच गैरवापरामुळे.

मग करायचं काय?

समजा, परभणीजवळच्या पेडगावातला एक बावीस वर्षांचा मुलगा आहे. दाढी कुरळी, आठवड्यातून तीनदा क्लीन शेव्ह, मानेवर वीस-पंचवीस फोड. त्याने फोडांवरूनच ब्लेड फिरवत राहायचं ठरवलं, तर जुना फोड बरा होण्याआधी नवा तयार होईल. म्हणून त्याच्यासाठी क्रम असा:

पहिले तीन-चार आठवडे ब्लेड बंद. सुरुवातीच्या आठवड्यात त्रास वाढल्यासारखा वाटेल, कारण अडकलेले केस अजून वाढत असतात. इथेच बहुतेक जण धीर सोडतात आणि पुन्हा दाढी करतात. पण केस सेंटिमीटरभर झाला की स्प्रिंगसारखा आपोआप बाहेर सुटतो. दाढी विचित्र दिसत असेल तर ट्रिमरने कापा, फक्त एक मिलिमीटर तरी खुंट राहू द्या.

रोज दहा मिनिटं कोमट पाण्याचा कपडा. कातडी मऊ होते. कमान वर दिसत असेल तर स्वच्छ, निर्जंतुक सुईने टोक फक्त उचलून मोकळं करा. केस उपटू नका. उपटलेला केस पुन्हा खालूनच वाढतो आणि वर येताना पुन्हा आत घुसू शकतो.

दाढी पुन्हा सुरू करताना नियम बदला. आधी बोटाने चाचपून केस कुठल्या दिशेला वाढतात ते बघा. कोमट पाणी, भरपूर फेस, नवं ब्लेड, हलका हात. फक्त केसांच्या दिशेने, एकाच जागी एक-दोनदा. कातडी ताणू नका. सलूनमध्ये बसताना आधीच सांगा, 'दादा, उलटा हात नको, एकदाच फिरवा.' थोडे खुंट हाताला लागतील, ते लागलेच पाहिजेत.

तुरटीने बारीक कापलेल्या जागेचं रक्त थांबतं. पण वळलेला केस ती सरळ करत नाही, त्यामुळे तिच्या भरवशावर राहू नका.

डॉक्टरकडे कधी?

महिनाभर ब्लेड बंद ठेवूनही फोड कमी झाले नाहीत, पू होतोय, काळे डाग राहतायत किंवा फोडाची जागा गाठीसारखी कडक आणि वर आलेली आहे, तर त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. ते रात्री लावायचं अ‍ॅडापलीन किंवा ट्रेटिनॉइन देऊ शकतात. जंतू असतील तर वेगळं औषध देतील. वारंवार त्रास असेल तर लेझरने केस कमी करणं हा जास्त टिकणारा उपाय आहे. पण सावळ्या कातडीसाठी लेझरचा प्रकार नीट निवडावा लागतो, नाहीतर कातडी भाजून डाग पडतात. 'लाँग पल्स्ड एनडी याग' हा प्रकार गडद रंगासाठी तुलनेने सुरक्षित मानतात. पार्लरमध्ये लेझर करून घेण्याआधी मशीन कुठलं आणि चालवणार कोण, हे दोन प्रश्न विचारा.

कुरळे केस बदलता येत नाहीत, त्यामुळे हा त्रास औषधाने कायमचा संपत नाही. पुन्हा रोज गुळगुळीत दाढी सुरू केली की फोड परत येतात. ज्याला एक मिलिमीटर खुंट चालतो, त्याचा प्रश्न बहुतेक ट्रिमरवरच सुटतो.