‘लाइव्ह’मधले वीस सेकंद

आमच्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेचं पहिलं यूट्यूब प्रक्षेपण मी सांभाळलं. विषय होता दासबोध. व्याख्यान संपल्यावर वक्त्यांनी कॅमेऱ्याकडे पाहून, “ऑनलाइन कुणाचे काही प्रश्न?” असं विचारलं. अर्धा मिनिट सगळे गप्प. मग अध्यक्षांनी आभार मानले, टाळ्या झाल्या आणि नेमके तेव्हाच पडद्यावर धडाधड प्रश्न यायला लागले.

प्रेक्षक आळशी नव्हते. ‘लाइव्ह’ चित्र जागच्या जागी पोहोचत नाही, हे आमच्या लक्षात आलं नव्हतं. कॅमेऱ्यातून गेलेल्या व्हिडिओचे काही सेकंदांचे तुकडे पाडले जातात. प्रत्येक तुकडा कमी-अधिक दर्जाच्या अनेक प्रतींत तयार होतो, म्हणजे ज्याचं नेट मंद त्याला हलकी प्रत मिळते. शिवाय चित्र मध्येच अडकू नये म्हणून प्रेक्षकाचा फोन दोन-तीन तुकडे जवळ साठवून मगच दाखवायला लागतो. आमच्याकडे हा उशीर साधारण वीस सेकंदांचा होता. कॉमेंट मात्र चार शब्दांची, ती क्षणात येते. आता हिशेब करा: प्रश्न ऐकू येईपर्यंत वीस सेकंद, मोबाइलवर मराठी टाइप करायला तीस. पन्नासाव्या सेकंदाला आलेला माणूस आम्हाला तिसाव्या सेकंदाला हवा होता.

यूट्यूबच्या सेटिंगमध्ये हा उशीर पाच-दहा सेकंदांच्या आत आणता येतो, पण मग साठा कमी राहतो आणि मंद नेटवर चित्र अडखळतं. तासाभराच्या व्याख्यानाला तो सौदा परवडत नाही. आता आम्ही व्याख्यान संपायच्या दहा मिनिटं आधीच “प्रश्न लिहायला घ्या” अशी सूचना चॅटमध्ये टाकतो.

चॅटवर दोन स्वयंसेवक बसतात. त्यांना ‘मॉडरेटर’ नेमलं की कॉमेंट काढून टाकणं, एखाद्याला थोडा वेळ गप्प बसवणं किंवा चॅनेलवरून कायमचं लपवणं हे अधिकार मिळतात. लपवलेल्याला तशी सूचना जात नाही. तो लिहीत राहतो, इतरांना दिसत नाही. गर्दी उसळली तर ‘स्लो मोड’ लावतात, म्हणजे एका माणसाला दोन कॉमेंटमध्ये ठरावीक सेकंद थांबावंच लागतं. यात गैर काही नाही, पण काढून टाकलेली शिवी तोवर कुणी ना कुणी वाचलेली असतेच. म्हणून नको असलेल्या शब्दांची यादी आधी देऊन ठेवायची. मराठीत हे काम किचकट आहे. एकच शब्द देवनागरीत, इंग्रजी अक्षरांत तीन-चार स्पेलिंगांनी, शिवाय विभक्तीचे प्रत्यय लावून येतो. आमच्या यादीत ‘मूर्ख’ होता आणि व्याख्यान मूर्खलक्षणांवर! चांगले-चांगले प्रश्न यादीनेच अडवले.

पुढच्या महिन्यात अमेरिकेतल्या एका अभ्यासक बाईंना पाहुण्या म्हणून जोडलं. पाहुण्याची वाट वेगळी असते. त्यांना दुवा पाठवतात, त्या ब्राउझरमध्ये उघडतात, आधी पडद्यामागे थांबतात आणि सूत्रधाराने घेतलं की मंचावर दिसतात. तिथे तुकडे साठवत बसायला वेळ नसतो, नाहीतर संवादच होणार नाही. म्हणून त्यांचा आवाज सेकंदाच्या आत येतो. दोघांची चित्रं एकत्र करून मगच यूट्यूबकडे जातात.

त्या दिवशी बाई बोलू लागल्या आणि थोड्या वेळाने त्यांचंच आधीचं वाक्य मागून ऐकू आलं. असा प्रतिध्वनी लगेच आला तर स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरतोय असं समजावं. हेडफोन लावला की थांबतो. वीस सेकंदांनी आला, तर कुणीतरी दुसऱ्या टॅबमध्ये हेच प्रक्षेपण उघडून बसलंय. बाईंनी कौतुकाने उघडलं होतं.

प्रक्षेपण संपल्यावर ते बारा तासांपेक्षा लहान असेल तर यूट्यूबवर आपोआप साठवलं जातं आणि व्हिडिओच्या वेळेबरोबर चॅटही पुन्हा सरकताना दिसतं. फेसबुकचं तसं नाही. २०२५च्या फेब्रुवारीपासून तिथली नवी लाइव्ह तीस दिवसांनी पुसली जातात, त्याआधी उतरवून घ्यावी लागतात. इन्स्टाग्रामवरही रेकॉर्डिंग तीस दिवसच राहतं, त्यातही कॉमेंट नसतात.

आमच्या पहिल्या व्हिडिओत सुरुवातीची बारा मिनिटं माइकची तपासणी आणि चहाच्या कपांचा आवाज होता. कापून टाकावं असं सगळ्यांचं मत. पण यूट्यूबच्या एडिटरमध्ये व्हिडिओ कापला की चॅटचा रिप्ले जातो, आणि आमचे उशिरा आलेले सगळे प्रश्न त्यातच होते. मग काहीच कापलं नाही. वर्णनात एवढंच लिहिलं, वेळा इंग्रजी अंकांत आणि पहिली शून्यापासून:

```
00:00 तयारी आणि चहा
12:10 व्याख्यान
58:30 समारोप
```

आता ज्याला व्याख्यान हवं तो दुसऱ्या ओळीवर बोट ठेवतो. उशिरा आलेल्या त्या प्रश्नांची उत्तरं वक्त्यांनी नंतर सवडीने व्हिडिओखाली लिहून दिली.