शेवाळ वर, दुखणं खाली

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंनी मला हाक मारली. गॅलरीत शेजारी शेजारी दोन कुंड्या होत्या. मातीच्या कुंडीत मोगरा, प्लास्टिकच्या कुंडीत कढीपत्ता, दोन्ही बारा इंची. दोन्हींच्या मातीवर सारखाच हिरवागार गालिचा पसरला होता. मोगरा टवटवीत होता. कढीपत्त्याची पानं मात्र पिवळी पडून गळत होती आणि नवे कोंब बोटाच्या पेराएवढे होऊन थांबले होते. काकूंचं निदान आधीच झालेलं होतं. "हे शेवाळ झाडाचं सगळं सत्त्व शोषून घेतंय बघ. दोनदा खरवडलं, व्हिनेगरचं पाणीसुद्धा घातलं, तरी जात नाही." मी एवढंच विचारलं, की मग मोगऱ्याचं सत्त्व ते का शोषत नाही?

शेवाळाबद्दलचे बहुतेक गैरसमज या एका प्रश्नापाशी अडखळतात. ते निस्तरण्याआधी शब्दाचा घोळ सोडवायला हवा, कारण मराठीत आपण किमान तीन वेगळ्या गोष्टींना 'शेवाळ' म्हणतो. मातीवर किंवा कुंडीच्या कडेला हिरवा रंग लावल्यासारखा पातळ थर दिसतो, ते शैवाल. काळपट हिरवं, बुळबुळीत, बोटाला जेलीसारखं लागणारं आणि ऊन पडलं की काळ्या पापुद्र्यासारखं वाळणारं, ते बहुधा नॉस्टॉकसारखं नीलहरित शैवाल. ते खरं तर जिवाणूंच्या कुळातलं. आणि मखमलीसारखं, जवळून पाहिलं तर इवल्या इवल्या पानांचं दिसतं, ते मॉस. शाळेत ब्रायोफायटाच्या धड्यात फ्युनारियाचं चित्र होतं, तेच हे कुटुंब. कधी चपट्या, जमिनीला चिकटलेल्या पानांसारखं रिक्सिया किंवा मार्केंशियाही त्यात मिसळलेलं असतं.

यातलं एकही बुरशी नाही. हा मुद्दा फक्त वर्गीकरणाचा नाही, कारण लोक दुकानातून बुरशीनाशक आणून ओततात. कार्बेन्डाझिमसारखं बुरशीनाशक बुरशीसाठीच केलेलं असतं, शैवालावर त्याचा उपयोग नाही. तांबंयुक्त औषधांनी शैवाल मरतं हे खरं, पण मोरचूद कुंडीत घालणं हा उपाय रोगापेक्षा वाईट. तांबं मातीत मुरून बसतं, ते विघटित होत नाही. शेतात ते निदान पसरतं, कुंडीच्या मूठभर मातीत ते साठत जातं आणि आधी मुळांच्या कोवळ्या टोकांना जाळतं. खाण्याचा सोडा आणि मीठ यांचंही तसंच, दोन्हींतून मातीत सोडियम वाढतो. आणि पाणी देण्याची पद्धत बदलली नाही, तर पंधरा दिवसांत शेवाळ पुन्हा हजर.

आता 'सत्त्व शोषण्याची' गोष्ट. बांडगूळ आंब्याच्या फांदीत शिरून रस ओढतं, शेवाळ तसं करू शकत नाही. शैवालाला मुळं नसतातच. मॉसला जे धागे असतात ते मुख्यतः धरून ठेवण्यासाठी, मातीच्या वरच्या पातळ थरापलीकडे ते जात नाहीत. मॉसचं पान बहुतेक ठिकाणी एकाच पेशीच्या जाडीचं असतं आणि त्याच्या सगळ्या अंगातून पाणी, क्षार आत जातात. अन्न ते उजेडातून स्वतःच तयार करतं. वरच्या थरातलं थोडं नत्र, थोडं स्फुरद ते घेतं, पण मोगऱ्याच्या मुळांचा खरा कारभार त्याच्या खाली पाच-सहा इंच चालतो. शेवाळाने घेतलेलं ते मेल्यावर पुन्हा मातीतच जातं.

याच्या उलट टोकाचा गैरसमजही हल्ली ऐकू येतो, की शेवाळ म्हणजे फुकटचं खत. याला आधार आहे, पण तो भाताच्या खाचरातला. पी. के. डे यांनी १९३९ साली दाखवून दिलं, की भातखाचरातलं नीलहरित शैवाल हवेतलं नत्र बांधून ठेवतं, आणि पुढे त्याचा जैविक खत म्हणून शेतीत वापर सुरू झाला. पण खाचरात पाणी आठवडेच्या आठवडे साचलेलं असतं आणि भाताला ते मानवतं. कुंडीतल्या बारा इंची वर्तुळावरचं नॉस्टॉक तेवढं नत्र देईल, हा हिशेब नको. शिवाय तुमचं शेवाळ नॉस्टॉकच आहे कशावरून?

तिसरी समजूत, शेवाळ आलं म्हणजे माती आम्लधर्मी झाली, चुना टाका. यावर उत्तर शोधायला प्रयोगशाळा नको, पावसाळ्यात आपल्या इमारतीच्या कुंपणाची भिंत बघावी. सिमेंट आणि चुना दोन्ही अल्कधर्मी, आणि त्याच गिलाव्यावर मॉस मजेत वाढतं. काही जातींना आम्लता आवडते, काहींना नाही. एवढ्यावरून कुंडीत चुना टाकलात, तर जास्वंदीसारख्या झाडाला लोह मिळणं अवघड होतं आणि नवी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या असं दिसू लागतं. मग लोक म्हणतात, बघा, शेवाळाने झाड पिवळं पडलं.

शेवाळ खरं सांगतं ते इतकंच, की मातीचा वरचा एखादा सेंटीमीटर सतत ओला आहे आणि त्यावर उजेड पडतोय. पावसाळ्यात हे आपोआप होतं आणि त्यात काही बिघडलेलं नसतं. मार्च-एप्रिलमध्ये झालं, तर मात्र पाणी गरजेपेक्षा जास्त वेळा दिलं जातंय, माती चेपली गेलीय किंवा निचरा अडलाय, असं समजावं. खाली काय चाललंय ते शेवाळाला माहीत नसतं, ते आपण पाहायचं. पाहण्याची रीत सोपी. बोट दोन पेरं मातीत घाला. कुंडी एका बाजूने उचलून वजन पाहा. तांब्याभर पाणी ओता आणि ते मुरायला किती वेळ लागतो, बुडाच्या भोकातून बाहेर येतं का, हे बघा. आणि बुडाशी नाक न्या. निरोगी मातीला पहिल्या पावसासारखा वास येतो, कुजलेलीला गटारासारखा.

काकूंच्या कढीपत्त्यात पाणी अर्धा तास वर साचून राहिलं. शेवटी कुंडी आडवी करून मातीचा गड्डा बाहेर काढला. वरची चार बोटं माती ठीक होती. खालची काळी, चिकट, उग्र वासाची. मुळं चिमटीत धरून ओढली, तर वरची साल मोज्यासारखी निघून आली आणि हातात नुसता दोरा उरला. मूळकूज ओळखायची ही हमखास खूण. कारणं दोन निघाली. आत भोकावर माती वाहून जाऊ नये म्हणून सपाट फरशीचा तुकडा ठेवला होता, तो गाळाने घट्ट चिकटला होता. आणि खाली बशी होती, तीत पावसाचं पाणी भरलेलं. मोगरा वाचला तो तीन विटांच्या तुकड्यांवर ठेवलेला होता म्हणून. भोक मोकळं, कुंडी मातीची, तिच्या भिंतींतूनही ओल बाहेर पडत होती. शेवाळाला दोन्हीकडे ओला पृष्ठभाग मिळाला, म्हणून ते दोन्हीकडे आलं. बुडाशी पाणी मात्र एकाच कुंडीत साचलं होतं.

मातीच्या कुंडीच्या बाहेरच्या हिरव्या डागांचंही तेच. भिंत सच्छिद्र आहे, आतलं पाणी बाहेर झिरपतंय, म्हणून तिथे शैवाल आलं. पांढरी भुकटी दिसते ती खतातले आणि पाण्यातले क्षार, बुरशी नव्हे. लोक म्हणतात शेवाळाने कुंडीची छिद्रं बुजतात, म्हणून ती घासून काढतात आणि मग सुंदर दिसावी म्हणून वर ऑइलपेंट मारतात. छिद्रं खरोखर बुजतात ती इथे. डोळ्यांना खुपत असेल तर काथ्याच्या ब्रशने साध्या पाण्याने घासा. रिकामी कुंडी दुसऱ्या झाडासाठी घेणार असाल, तर एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाण्यात दहा मिनिटं बुडवून, स्वच्छ धुऊन उन्हात वाळवा. लावलेल्या कुंडीवर ब्लीच नको. लादीवर उतरलेलं शेवाळ मात्र लगेच घासून टाका, तिथे पाय घसरतो.

मग शेवाळ पूर्ण निर्दोष का? नाही. तीन प्रसंगांत ते खरंच नडतं.

पहिला रोपांच्या ट्रेमध्ये. सप्टेंबरात आपण पिटुनियासारखं धुळीएवढं बारीक बी पेरतो, ते मातीने झाकतही नाही. त्यावर शैवालाची साय धरली, की कोंबाला ती फोडून वर येणं जड जातं, आणि आलेलं रोप त्या ओलीतच कोलमडतं. इथे कोकोपीट नवं वापरावं, ट्रे धुतलेला असावा, पाणी वरून न शिंपडता बशीतून खालून द्यावं आणि उगवण दिसताच वरचं झाकण काढावं. रोपं उगवेपर्यंत खत अजिबात नको; स्फुरद आणि नत्र मिळालं, की आधी शैवालच फोफावतं.

दुसरा प्रसंग चिलटांचा. कायम ओल्या, हिरव्या थरात बारीक काळ्या माश्या अंडी घालतात. त्यांच्या अळ्या शैवाल आणि बुरशी खातात, संख्या वाढली की कोवळ्या मुळांवरही येतात. मोठ्या झाडाला फरक पडत नाही, रोपं मात्र बसतात. वरचा इंच वाळू दिला, की अळ्या टिकत नाहीत.

तिसरा प्रसंग ऑक्टोबरच्या उन्हाचा, आणि याकडे कुणाचंच लक्ष नसतं. पाऊस थांबतो, शेवाळ वाळून त्याचा पोपडा होतो, माती आक्रसून कुंडीच्या कडेपासून सुटते. वरून घातलेलं थोडं पाणी पोपड्यावरून ओघळतं, कडेच्या फटीतून सरळ खाली जातं आणि बशीत येतं. आपल्याला वाटतं पाणी पोचलं, गड्डा मात्र आतून कोरडा. पावसात निरोगी असलेलं झाड आता सुकू लागतं. उपाय दोन मिनिटांचा: जुन्या काट्याने किंवा खुरप्याने वरचा एक-दीड सेंटीमीटर थर मोकळा करा, मुळं दिसली की थांबा. पोपडा काढून टाका, त्या जागी सुकं शेणखत किंवा जाडी वाळू पसरा आणि पाणी थांबत थांबत, दोन-तीन वेळा द्या.

कढीपत्त्याची कुजलेली मुळं कात्रीने कापली, वरचा भागही तिसऱ्या हिश्श्याने छाटला. मुळं कमी झाली म्हणून कुंडीही लहान, आठ इंची घेतली. त्यात दोन भाग माती, एक भाग कंपोस्ट, एक भाग जाडी वाळू. भोकावर फरशीऐवजी खापराचा उपडा तुकडा, खाली विटा, बशी नाही. महिनाभर खत दिलं नाही, बोट घालून पाहिल्याशिवाय पाणीही नाही. गणपती होऊन नवरात्र सरता सरता त्याला तांबूस कोंब फुटले. परतीच्या पावसाने त्याच मातीवर पुन्हा हिरवी मखमल धरली होती. काकूंनी खुरपं उचललं, मग बोट घालून पाहिलं आणि खुरपं परत ठेवलं.