गुरू कोण, दत्त की चांद बोधले?

कर्जत म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे लोकल गाडी आणि बोरघाट येतो. महाराष्ट्रात आणखी एक कर्जत आहे, जुन्या नगर म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात. त्या कर्जतला लागून श्रीगोंदे तालुका आहे. त्या गावाचे जुने नाव चांभारगोंदे. संत शेख महंमद तिथे राहिले, तिथेच त्यांनी मराठीत ग्रंथ लिहिले आणि त्यांची समाधीही तिथेच आहे. या समाधीला समाधी म्हणायचे की दर्गा, यावरून अलीकडे वादही झाला. रमजानच्या महिन्यात त्यांची आठवण काढताना एक जुना प्रश्न समोर येतो. भक्तीचे संत आणि सूफी यांनी एकमेकांकडून काही घेतले का? घेतले असेल तर ते कशावरून म्हणायचे?

या प्रश्नाला दोन सोपी उत्तरे आपण नेहमी ऐकतो. एक म्हणते, दोन्ही वाटा मुळात एकच होत्या. दुसरे म्हणते, दोघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. इतिहासाचा अभ्यासक या दोन्ही उत्तरांवर समाधान मानत नाही. तो कागद मागतो, तारीख मागतो आणि कागद कोणी लिहिला तेही विचारतो. शेख महंमदांच्या बाबतीत असे कागद आहेत. म्हणून हेच प्रकरण नीट पाहू.

साम्य म्हणजे पुरावा नव्हे

रमजानच्या रात्री मशिदीत किंवा घरी जिक्र चालतो, म्हणजे अल्लाहच्या नावाचे स्मरण. वारकरी फडावर विठ्ठलाचे नामस्मरण चालते. दोन्हींत नावाची आवृत्ती आहे, तल्लीनता आहे, सामूहिक सूर आहे. एवढे साम्य पाहिले की कुणालाही वाटेल, एकाने दुसऱ्याकडून उचलले असणार. पण ईश्वराचे स्मरण करा, ही आज्ञा कुरआनात आहे. नामाचा महिमा संस्कृत परंपरेत त्याहून जुना आहे. दोन्ही प्रथांना आपापली स्वतंत्र मुळे सापडतात, तेव्हा उसनवारीची गरजच उरत नाही.

दुसरी कसोटी तारखेची. एकेकाळी काही इतिहासकारांनी असे मांडले की भक्ती चळवळीतला एकेश्वरवाद आणि जातिभेदावरची टीका इस्लामच्या संपर्कातून आली. डॉ. ताराचंद यांच्या ग्रंथाने या मताला मोठे बळ दिले. महाराष्ट्रात ते तपासून पाहा. ज्ञानेश्वरी १२९० साली पूर्ण झाली. अलाउद्दीन खिलजीची देवगिरीवरची पहिली स्वारी १२९६ची. महंमद तुघलकाने दिल्लीची माणसे दौलताबादला हलवली ती १३२७च्या सुमारास, आणि सूफी मोठ्या संख्येने दख्खनमध्ये आले ते त्या ओघात. खुल्दाबादला ज्यांची दर्गा आहे ते बुऱ्हानुद्दीन गरीब यांचे निधन १३३७ मधले. म्हणजे मराठी भक्तीचा पाया घातला गेला तेव्हा दख्खनच्या खानकाहा अजून उभ्या राहायच्या होत्या. त्याही आधी तमिळ प्रदेशात आळवार आणि नायनार संतांनी भक्तीची पदे गायली होती. तेव्हा भक्तीचा जन्म सूफींमुळे झाला, हे म्हणणे इथे टिकत नाही. मात्र पुढच्या तीनशे वर्षांत काय घडले, हा प्रश्न खुलाच राहतो.

एक गुरू, दोन नावे

संत एकनाथांचा जन्म १५३३चा मानतात. परंपरेनुसार ते बारा वर्षांचे असताना दौलताबादला जनार्दनस्वामींकडे गेले. जनार्दनस्वामी निजामशाहीत त्या किल्ल्याचे किल्लेदार होते, असे परंपरा सांगते. आता प्रश्न असा, की जनार्दनस्वामींचा गुरू कोण?

एकनाथांनी आपल्या भागवतात याचे उत्तर दिले आहे. ते म्हणतात, दत्तात्रेयांनी जनार्दनांना उपदेश केला. हा ग्रंथ १५७३ साली काशीत पूर्ण झाला. तो लिहिणारा जनार्दनस्वामींचा प्रत्यक्ष शिष्य आहे. या प्रश्नावर इतक्या जवळचा दुसरा साक्षीदार मिळणार नाही.

शेख महंमदांचे उत्तर मात्र वेगळे आहे. आपल्या ‘योगसंग्राम’ या मराठी ग्रंथात ते सद्गुरू चांद बोधले यांना वंदन करतात. चांद बोधल्यांनी जानोपंतांना, म्हणजे जनार्दनांना, स्वीकारले आणि जनार्दनांनी एकाला, म्हणजे एकनाथांना, उपदेश केला, असे ते सांगतात. चांद बोधले हे कादिरी सिलसिल्यातले सूफी होते आणि त्यांची कबर दौलताबादला आहे. योगसंग्राम १६४५चा, म्हणजे एकनाथांच्या समाधीनंतर सेहेचाळीस वर्षांनी लिहिलेला.

तिसरी साक्ष महीपतींची, अठराव्या शतकातली. महीपतींच्या संतचरित्रात एकनाथांना दत्ताचे दर्शन घडते, पण दत्त येतात ते मलंग फकिराच्या वेशात. मलंग म्हणजे घरदार सोडून फिरणारा फकीर. मलंगगड जवळच असल्याने आपल्या भागात हा शब्द नवा नाही.

मराठी संशोधक रा. चिं. ढेरे यांनी या तिन्ही साक्षी शेजारी ठेवल्या. त्यांचा निष्कर्ष असा की कथेतला मलंग म्हणजे खरोखरचा चांद बोधलेच. गुरू मुसलमान फकीर होता ही आठवण पुढच्या पिढ्यांना पुसता आली नाही, म्हणून त्यांनी त्याला दत्ताचा वेश मानले. हा निष्कर्ष विलक्षण आकर्षक आहे, कारण त्यातून तिन्ही साक्षींची संगती लागते.

आकर्षक, म्हणून खरा?

इथेच थांबून उलटतपासणी करावी लागते. आधी कालगणना पाहू. एकनाथ जनार्दनस्वामींकडे गेले ते १५४५च्या सुमारास. तोवर जनार्दनस्वामी गुरुपदाला पोचलेले होते, म्हणजे त्यांना उपदेश मिळाला तो त्याआधी. शेख महंमदांचा जन्म १५६०च्या आसपास धरला, तर त्यांना चांद बोधल्यांकडून दीक्षा मिळाली असेल ती फार तर १५८०च्या सुमारास. म्हणजे एकच गुरू निदान पस्तीस-चाळीस वर्षे शिष्य करत होता, असे मानावे लागते. तिशीत पहिला शिष्य आणि सत्तरीत दुसरा, असे होऊ शकते. हिशेब ताणलेला आहे, पण तुटत नाही.

दुसरा प्रश्न साक्षीदाराच्या हिताचा. १६४५ साली एकनाथांचे नाव मराठी मुलखात सर्वांच्या ओठी होते. आपला गुरू हाच एकनाथांच्या गुरूचाही गुरू, असे सांगण्यात शेख महंमदांचा मान वाढतो. म्हणून त्यांचे म्हणणे खोटे ठरत नाही, पण दुसऱ्या कागदाचा आधार हवा, एवढे ठरते. उलट बाजूने एकनाथांचे मौनही निर्णायक नाही. गुरूला देवाच्या रूपात पाहणे ही त्या काळची रीतच होती. ‘दत्त’ असे लिहिले म्हणून समोर कोणी हाडामांसाचा माणूस नव्हता, असे म्हणता येत नाही.

तिसरी गोष्ट उशिरा लिहिलेल्या कथांची. खुल्दाबादच्या सूफींचा अभ्यास करणारे अमेरिकन इतिहासकार कार्ल अर्न्स्ट यांनी एक बाब दाखवली. तिथल्या सूफींच्या हयातीतल्या फारसी संवाद-संग्रहांत हिंदूंना मुसलमान केल्याच्या गोष्टी जवळजवळ नाहीत. अशा गोष्टी नंतरच्या शतकांतल्या लेखनात वाढत जातात. वेषधारी मलंगाची कथाही दोनशे वर्षांनंतरची असल्याने तिला हाच नियम लागू होतो. ती अठराव्या शतकातल्या लोकांना काय वाटत होते ते नक्की सांगते. सोळाव्या शतकात काय घडले, ते कदाचितच.

मग नक्की काय म्हणता येते?

अभ्यासक इथे तीन गोष्टी वेगळ्या करतात. परिचय, उसनवारी आणि प्रभाव.

परिचय निर्विवाद आहे. एकनाथांच्या भारुडांत फकीर येतो, हिंदू आणि तुर्क यांचा खटकेबाज संवाद येतो. ही माणसे त्यांनी जवळून पाहिली होती. उसनवारीही आहे, पण ती कुठून झाली ते तपासावे लागते. एकनाथांनी ‘अर्जदास्त’ नावाची रचना केली. शब्द फारसी आहे, पण तो खानकाहीतून आलेला नाही. तो आला निजामशाही कचेरीतून, जिथे रयत सरकारकडे अर्ज करत असे. फारसी शब्द दिसला की सूफी प्रभाव, असे म्हणणाऱ्याची इथे फसगत होते. आपण आजही अर्ज, दाखला, जमीन, वसूल म्हणतो, ते तलाठ्याच्या कचेरीमुळे.

प्रभाव म्हणजे विचारच बदलणे. तो जनार्दनस्वामी किंवा एकनाथ यांच्याबाबत सिद्ध करणे अवघड आहे. एकनाथांचे भागवत संस्कृत भागवताच्या अकराव्या स्कंधावरचे भाष्य आहे. त्यातले तत्त्वज्ञान समजून घ्यायला सूफी स्रोत धरावाच लागतो, असे होत नाही.

उलट दिशेचा प्रवाह मात्र ठळक आहे. शेख महंमद सूफी गुरूचे शिष्य, स्वतःला ‘अविंध’ म्हणजे कान न टोचलेले, मुसलमान म्हणवणारे. त्यांनी लिहिले ते ओवीत आणि अभंगांत, वेदान्त आणि योगाच्या परिभाषेत, हृदयातल्या गोविंदाबद्दल. त्याच वेळी दोन्हीकडच्या ढोंगावर त्यांनी कोरडे ओढले. वा. सी. बेंद्रे यांनी त्यांचे ग्रंथ संपादून छापले, त्यामुळे हे कुणालाही वाचून पाहता येते. इथे तारीख जुळते, वाट दिसते आणि मजकूरही हातात आहे. प्रभाव म्हणायला लागतात त्या तिन्ही गोष्टी इथे आहेत.

विजापूरच्या सूफींवर लिहिणारे रिचर्ड ईटन यांनी असेच एक उदाहरण पुढे आणले. तिथल्या सूफींच्या दख्खनी भाषेतल्या ‘चक्कीनामा’ रचना बायका जात्यावर दळताना म्हणत. जात्याचा खुंटा, पाळ, दळण यांतून त्या ईश्वराचे स्मरण शिकवतात. खालापूरच्या वाड्यांतल्या म्हाताऱ्यांना जात्यावरच्या ओव्या आठवत असतील, त्यांना हा प्रकार लगेच ओळखू येईल. पण तो मराठी ओवीवरून आला की कन्नड गाण्यावरून, की जिथे जाते तिथे गाणे म्हणून आपसूक, हे साम्यावरून ठरवता येत नाही.

श्रीगोंद्याकडे परत येऊ. स्लोव्हाकियाचे अभ्यासक दुशान डेआक यांनी शेख महंमदांची आठवण आज कोण कशी जपते, याचा मागोवा घेतला. कुणासाठी ते वारकरी संत आहेत, कुणासाठी सूफी पीर. ज्या माणसाने एकाच ग्रंथात कादिरी गुरूला वंदन केले आणि तो ग्रंथ ओवीत लिहिला, त्याच्याबद्दल यांतले एकच नाव खरे धरायचे, तर त्याच्या अर्ध्या पानांवर काट मारावी लागेल.