आमपापड वरून कोरडा, आतून चिकट: असं का होतं?

नागपुरात मे महिना म्हणजे पारा 45 अंशांच्या आसपास आणि हवा एकदम कोरडी. त्यात नवतपा सुरू झाला की दुपारी गच्चीवर पाय ठेवता येत नाही. आमपापड वाळवायला यापेक्षा चांगलं हवामान शोधून सापडणार नाही. कोकणातल्या दमट हवेत आंबापोळीला जास्त उन्हं दाखवावी लागतात, तेच काम विदर्भात दोन-तीन दिवसांत होतं.

तरीही लकडगंजसारख्या भागात गच्चीवर थाळ्या मांडणाऱ्या अनेक घरांमध्ये दरवर्षी एकच तक्रार असते. पापड वरून छान वाळतो, पण कापायला घेतला की आतून सुरीला चिकटतो. डब्यात भरला तर पंधरा दिवसांत पांढरी बुरशी दिसते. जूनच्या मध्यावर पाऊस येतो, त्यामुळे पुन्हा ऊन दाखवायची संधीही फारशी मिळत नाही.

दोष उन्हाचा नसतो. बहुतेक वेळा गडबड असते ती थराच्या जाडीची.

पाणी बाहेर कसं पडतं?

आंब्याच्या रसात ढोबळमानाने 80 ते 85 टक्के पाणी असतं. थाळीत ओतलेल्या रसाचं वरचं पाणी उन्हात लगेच उडतं. तळाशी असलेल्या पाण्याला मात्र आधी वरपर्यंत यावं लागतं. थर जितका जाड, तितका हा प्रवास लांब. म्हणून दुप्पट जाड थराला वाळायला दुपटीपेक्षा बराच जास्त वेळ लागतो.

त्यात ऊन किंवा ओव्हन फार कडक असेल, तर वरचा थर लवकर घट्ट होऊन त्याची साय तयार होते. खालचं पाणी मग तिच्याखाली अडकतं. हात लावला तर पापड कोरडा वाटतो, पण आतून ओलाच असतो.

ओतताना थर साधारण 4 मिलिमीटर असावा. वाळल्यावर तो जेमतेम 1 मिलिमीटर उरतो. हे पाहून अनेक जण सुरुवातीलाच दुप्पट रस ओततात आणि तिथेच फसतात. जाड आमपापड हवा असेल तर पहिला थर हाताला न चिकटण्याइतका वाळल्यावरच त्यावर दुसरा पातळ थर द्यायचा. आंध्रातला मामिडी तांड्रा असाच थरावर थर देऊन बनतो.

1 किलो रसाचा हिशेब

समजा, बैगनपल्लीचा 1 किलो घट्ट रस आहे. गावरान आंबा असेल तर रस आधी चाळणीतून काढावा, नाहीतर रेषांमुळे थर एकसारखा बसत नाही. रसात 100 ग्रॅम साखर आणि एका लिंबाचा रस घालायचा. बैगनपल्लीत आंबटपणा कमी असतो. लिंबामुळे चव उठते, रंग काळवंडत नाही आणि जंतूंनाही आळा बसतो.

हे मिश्रण जाड बुडाच्या स्टीलच्या भांड्यात मंद आचेवर आठ-दहा मिनिटं ढवळत, वाफा येईपर्यंत गरम करायचं. कच्चा रस उन्हात ठेवला तर वाळण्याआधीच आंबू शकतो, म्हणून ही पायरी टाळू नये. ॲल्युमिनियमचं किंवा कल्हई नसलेलं पितळेचं भांडं आंबट रसासाठी चालत नाही.

गरम केल्यावर साधारण 1 किलो मिश्रण उरतं. तळाचा व्यास 30 सेंटीमीटर असलेल्या सपाट थाळीत 300 ग्रॅम मिश्रण ओतलं की बरोबर 4 मिलिमीटरच्या आसपास थर होतो. म्हणजे एवढ्या रसाला तीन थाळ्या लागतात आणि थोडा रस उरतो. थाळीला तुपाचा फक्त हात फिरवायचा. जास्त तुपाचा पुढे खवट वास येतो. खोलगट परात वापरू नये, कारण तिच्या मध्यभागी रस जास्त जमतो.

गच्चीचा उतार विसरू नका

पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून गच्चीला उतार दिलेला असतो. थाळी तशीच ठेवली तर रस एका बाजूला सरकतो. मग एक कड पातळ होऊन तडकते आणि दुसरी ओली राहते. म्हणून आधी थाळीत थोडं पाणी ओतून पाहावं आणि ते सगळीकडे सारखं पसरेपर्यंत खाली कागदाची घडी सरकवावी.

लकडगंज लाकडाच्या बाजारासाठी ओळखला जातो. आजूबाजूला वखारी किंवा आरागिरणी असेल तर भुसाही उडतो. थाळ्यांवर मलमलचं कापड ताणून बांधावं, पण ते रसाला टेकू देऊ नये. संध्याकाळी थाळ्या घरात घ्याव्यात. वळवाची एक सर आली तरी दोन दिवसांची मेहनत वाया जाते.

ऊन नसेल तर ओव्हन

ओव्हन 60 ते 65 अंशांवर ठेवायचा आणि दार लाकडी चमचा अडकवून किंचित उघडं ठेवायचं, म्हणजे वाफ बाहेर जाते. साधारण सहा ते आठ तास लागतात. अनेक घरगुती ओव्हन एवढ्या कमी तापमानावर चालतच नाहीत. तसं असेल तर मधूनमधून बंद करत वाळवावं. 100 अंशांवर घाई केली की कडा करपतात आणि मध्यभाग ओला राहतो.

साखर वाढवली तर?

साखरेने टिकाऊपणा येतो, म्हणून काही जण ती दुप्पट करतात. पण आंबट रसात साखर तापली की तिचा काही भाग ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये बदलतो. फ्रुक्टोज हवेतला ओलावा ओढून घेतो. त्यामुळे जास्त गोड आमपापड पावसाळ्यात लवकर चिकटतो. दुसरीकडे, साखर अजिबात घातली नाही तर पापड चामड्यासारखा चिवट होतो. किलोला 100 ग्रॅमच्या आसपास साखर घातली तर दोन्ही टळतं.

झाला की नाही, हे कसं ओळखायचं?

सगळ्यात भरवशाची परीक्षा वजनकाट्याची. रिकाम्या थाळीचं वजन आधी लिहून ठेवा. 300 ग्रॅम मिश्रणाचे 95 ग्रॅमच्या आसपास उरले की पापड झाला. वजन 120 ग्रॅमवरच असेल तर त्यात अजून एक तृतीयांश पाणी आहे.

काटा नसेल तर पापड सोडवून उजेडासमोर धरा. तो सगळीकडे सारखा झिरपणारा प्रकाश दाखवत असेल तर ठीक. मध्ये गडद डाग दिसला तर तिथे ओल आहे. पापड उलटा करून खालची बाजूही उन्हाला दाखवा. घडी घातल्यावर तो मोडायला नको आणि दाबल्यावर बोटाचा ठसा राहायला नको.

कापलेले तुकडे पहिला आठवडा काचेच्या बरणीत ठेवून रोज पाहावेत. आतून काचेवर पाण्याचे थेंब दिसले तर लगेच काढून पुन्हा वाळवावेत. थेंब दिसले नाहीत, तर प्रत्येक थरामध्ये बटर पेपर घालून घट्ट झाकणाच्या डब्यात भरावेत आणि पावसाळ्यात डबा फ्रीजमध्ये ठेवावा. नुसता चिकटपणा आला तर कमी आचेच्या ओव्हनमध्ये अर्धा तास ठेवून तो जातो. बुरशी दिसली तर मात्र तेवढाच भाग कापून बाकीचा खाऊ नये, तो पापड टाकून द्यावा.